व्हिडिओखालची एक ओळ : ‘Altered or synthetic content’ कुठे बघायची, आणि ती का लागते



आजचा पाठ थोडा वेगळा आहे, पण प्रत्येक घराला उपयोगी पडेल असा आहे. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी दोन-चार व्हिडिओ येतात. कुणा महाराजांचं प्रवचन, कुणा डॉक्टरांचा सल्ला, एखाद्या तीर्थक्षेत्रातलं दृश्य. त्यातला आवाज ओळखीचा असतो, चेहरा ओळखीचा असतो, म्हणून आपण लगेच पुढे पाठवतो. पण आता माणसाचा आवाज आणि चेहरा हुबेहूब तयार करता येतो, आणि त्या तोंडी काहीही घालता येतं.

यूट्यूबने अशा व्हिडिओंसाठी मार्च २०२४ मध्ये एक नियम आणला. खरा वाटेल असा, पण यंत्राने बनवलेला किंवा बदललेला व्हिडिओ टाकणाऱ्याने तसं जाहीर करायचं. त्याने जाहीर केलं की व्हिडिओच्या माहितीत एक लेबल दिसतं. हे लेबल कुठे असतं, कशामुळे लागतं आणि ते दिसलं किंवा नाही दिसलं तर काय समजायचं, एवढंच आज बघू या. पाठ सावकाश वाचा. फोन हातात घेऊन वाचलात तर अधिक चांगलं.

*१. लेबल कुठे बघायचं*

आधी एक महत्त्वाची गोष्ट. हे लेबल व्हिडिओला चिकटलेलं नसतं. ते यूट्यूबच्या पानावर असतं. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेली यूट्यूबची लिंक दाबून तिथल्या तिथे छोट्या चौकटीत व्हिडिओ पाहिला, तर माहितीचा भाग आपल्याला दिसतच नाही. लिंकखाली जे छोटं चित्र आणि शीर्षक येतं, त्यातही हे लेबल नसतं. म्हणून पहिलं काम म्हणजे तो व्हिडिओ यूट्यूबच्या ॲपमध्येच उघडायचा.

ॲपमध्ये उघडला की असं करा :

▪️ व्हिडिओच्या खाली शीर्षक असतं. शीर्षकाखाली किती जणांनी पाहिला, कधी टाकला हे लिहिलेलं असतं आणि त्याच ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात ‘...more’ असतं. त्यावर बोट ठेवा.

▪️ माहितीचं पान वर सरकून उघडेल. ते खाली खाली सरकवत जा.

▪️ तिथे ‘How this content was made’ असं शीर्षक आहे का बघा. असेल तर त्याखाली ‘Altered or synthetic content’ असं लिहिलेलं सापडेल, आणि त्याखाली एक वाक्य : ‘Sound or visuals were significantly edited or digitally generated.’

या वाक्याचा साधा अर्थ असा : आवाजात किंवा चित्रात मोठे बदल केले आहेत, किंवा ते संगणकाने तयार केले आहेत. ज्यांचं ॲप मराठीत किंवा हिंदीत आहे त्यांना हेच शब्द त्या भाषेत दिसतील. जागा तीच.

उभ्या, छोट्या व्हिडिओंना म्हणजे शॉर्ट्सना ‘...more’ अशी ओळ नसते. तिथे तीन ठिपके दाबून ‘Description’ निवडलं की माहिती उघडते. टीव्हीवर व्हिडिओ बघत असाल तर रिमोटशी खटपट करू नका. तोच व्हिडिओ फोनवर शोधून बघणं सोपं.

काही विषयांसाठी यूट्यूब लेबल अधिक ठळक करतं. आरोग्य, बातम्या, निवडणुका आणि पैशाचे व्यवहार हे ते विषय. अशा व्हिडिओंत लेबल माहितीच्या पोटात लपलेलं न राहता खुद्द चालू व्हिडिओच्या चित्रावरच दिसतं. कारण उघड आहे. एखाद्या गाण्याचं संगीत यंत्राने बनवलं हे कळलं नाही तरी कुणाचं नुकसान होत नाही. औषधाचा किंवा गुंतवणुकीचा सल्ला खोट्या तोंडून आला तर घरातलं माणूस गोत्यात येतं.

त्याच ‘How this content was made’ या शीर्षकाखाली आणखी दोन वेगळ्या गोष्टी कधीकधी दिसतात. त्यांची गल्लत करू नका.

एक म्हणजे ‘Auto-dubbed’. याचा अर्थ मूळ व्हिडिओ खरा असू शकतो, पण त्याचा दुसऱ्या भाषेतला आवाज यूट्यूबच्या यंत्राने भाषांतर करून तयार केला आहे. मूळ भाषण इंग्रजीत आणि तुम्हाला ऐकू येतंय हिंदीत, असं असलं तर हे बघा. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ‘Audio track’ मध्ये जाऊन मूळ भाषा निवडता येते. एखादं वाक्य खटकलं तर आधी मूळ भाषेत ऐका. चूक वक्त्याची नसून भाषांतराची असू शकते.

दुसरी म्हणजे ‘Captured with a camera’. हे फार थोड्या व्हिडिओंवर दिसतं. काही कॅमेरे चित्रीकरण करतानाच फाइलमध्ये त्याची नोंद ठेवतात आणि पुढे त्यात फेरफार झाला नसेल तर ती नोंद शाबूत राहते. ती शाबूत असली तरच यूट्यूब हे लिहितं. ते नसलं म्हणून व्हिडिओ खोटा ठरत नाही, कारण आपल्या बहुतेकांच्या फोनमध्ये ही सोयच नसते.

*२. लेबल कशामुळे लागतं*

लेबल लागण्याच्या वाटा तीन.

पहिली आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे टाकणाऱ्याने स्वतः सांगणं. यूट्यूबवर व्हिडिओ चढवताना ‘Altered content’ नावाचा एक प्रश्न येतो आणि त्याला ‘Yes’ किंवा ‘No’ असं उत्तर द्यायचं असतं. प्रश्नात तीन कसोट्या दिलेल्या आहेत. त्यातली एक जरी लागू पडली तरी उत्तर ‘Yes’.

कसोटी पहिली : खरा माणूस जे बोलला नाही किंवा त्याने जे केलं नाही, ते त्याने बोललं-केलं असं दिसतं का?

कसोटी दुसरी : खऱ्या घटनेच्या किंवा खऱ्या जागेच्या चित्रणात बदल केला आहे का?

कसोटी तिसरी : प्रत्यक्षात न घडलेला प्रसंग खरा वाटेल असा तयार केला आहे का?

तिन्हींचं मर्म एकच आहे. बघणाऱ्याला ते *खरं वाटेल* का? संगणक वापरला की नाही, हा प्रश्नच नाही. संगणक तर आज प्रत्येक व्हिडिओत असतो. बघणारा फसेल का, हा प्रश्न आहे.

दुसरी वाट म्हणजे यूट्यूबची स्वतःची साधनं. शॉर्ट्स बनवताना यूट्यूबच्याच ॲपमध्ये पार्श्वभूमी किंवा दृश्य यंत्राकडून बनवून घेण्याची सोय आहे. ती वापरली तर लेबल आपोआप लागतं. टाकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी वाट म्हणजे यूट्यूबने स्वतः लावणं. टाकणाऱ्याने सांगितलं नाही आणि लोक फसण्याचा धोका आहे असं यूट्यूबला वाटलं, तर ते स्वतःहून लेबल लावू शकतं. असं लावलेलं लेबल टाकणाऱ्याला काढता येईलच असं नाही. वारंवार लपवणाऱ्याचा व्हिडिओ काढून टाकणं, त्याची यूट्यूबवरची कमाई थांबवणं, इथपर्यंत कारवाई होऊ शकते.

आता या कसोट्या आपल्या ओळखीच्या उदाहरणांवर लावून बघू. आपल्यातले कितीतरी जण आपापल्या मंडळाचं, भजनी ग्रुपचं किंवा घरगुती चॅनल चालवतात. त्यांना तर हे रोज लागणार.

जुन्या कॅसेटवरचं प्रवचन आहे. त्यातली खरखर संगणकाने काढली आणि आवाज स्वच्छ केला. लेबल लागत नाही. शब्द तेच, आवाज तोच, फक्त धूळ पुसली.

जुना, फिकट पडलेला व्हिडिओ अधिक स्पष्ट केला, उजेड वाढवला, रंग सुधारले, मागची गर्दी धूसर केली. लेबल लागत नाही. हे किरकोळ सुधारणेत मोडतं.

शीर्षक सुचवायला, प्रवचनाचा मजकूर लिहून काढायला किंवा खाली अक्षरं उमटवायला यंत्राची मदत घेतली. लेबल लागत नाही. कारण बघणाऱ्याला जे दिसतं-ऐकू येतं ते खरंच आहे.

लहान मुलांसाठी कार्टूनमध्ये गोष्ट केली. किंवा हनुमंत पर्वत उचलून उडतोय असं दृश्य बनवलं. लेबल सक्तीचं नाही, कारण हे चित्रीकरण आहे असं कुणी मानत नाही.

आता उलट बाजू बघा. दिवंगत व्यक्तीचा एक स्थिर फोटो घेतला आणि तो यंत्राने असा हलवला, की ओठ हलतात, डोळे मिटतात आणि ती व्यक्ती आज आपल्याशी बोलते आहे असं वाटतं. हेतू कितीही श्रद्धेचा असो, लेबल लागतं. त्या व्यक्तीने ते शब्द कॅमेऱ्यासमोर उच्चारलेले नाहीत.

वक्त्याचा आवाज यंत्राला शिकवला आणि त्या आवाजात नवीन मजकूर वाचून घेतला. चेहरा नाही, नुसता फोटो आणि आवाज. तरीही लेबल लागतं. दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल करून निवेदन करणं हे पहिल्या कसोटीतच येतं.

भजनाला यंत्राने बनवलेलं संगीत लावलं. हेही यूट्यूब जाहीर करायला सांगतं. इथे पुष्कळ जण गडबडतात, कारण संगीत यंत्राने बनवलेलं आहे यात त्यांना फसवणूक दिसत नाही. फसवणूक नाहीच. पण जाहीर करायचं आहे.

घाटावर पूर आला, देवळाच्या पायऱ्या बुडाल्या, हजारो लोक जमले, असं दृश्य यंत्राने बनवलं आणि ते अगदी खऱ्यासारखं दिसतं. लेबल लागतं. जागा खरी आहे, घटना घडलेली नाही.

व्हिडिओ टाकणाऱ्यांना एक शंका असते. ‘Yes’ म्हटलं तर व्हिडिओ कमी लोकांपर्यंत जाईल का? यूट्यूबचं म्हणणं असं आहे, की जाहीर केल्यामुळे व्हिडिओचा प्रसार कमी होत नाही आणि कमाईची पात्रताही जात नाही. तेव्हा लपवण्याचं कारण उरत नाही.

*३. लेबल दिसलं म्हणजे काय, आणि नाही दिसलं म्हणजे काय*

या पाठात एवढंच लक्षात राहिलं तरी पुरे आहे.

लेबल दिसलं म्हणजे व्हिडिओ खोटा, असं नाही. लेबल एवढंच सांगतं की आवाज किंवा चित्र यंत्राने बनवलेलं वा बदललेलं आहे. नेमका कुठला भाग, किती, हे ते सांगत नाही. वर पाहिलेल्या भजनात गायिका खरी, शब्द खरे, फक्त पेटी-तबला यंत्राचा. तिथेही तेच लेबल. म्हणून लेबल दिसलं की स्वतःला विचारायचं : या व्हिडिओत मला जे पटवलं जातंय, ते बदललेल्या भागावर उभं आहे का? भजनात नाही. ‘अमुक वक्त्याने असं सांगितलं’ या व्हिडिओत मात्र सगळा डोलारा त्याच भागावर उभा असतो.

आणि लेबल नाही दिसलं म्हणजे व्हिडिओ खरा, असंही नाही. याची कारणं चार.

एक, लेबलची मुख्य वाट म्हणजे टाकणाऱ्याची कबुली. ज्याला फसवायचंच आहे तो कबुली कशाला देईल? यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ पकडतं असं नाही.

दोन, नियम मार्च २०२४ चा. त्याआधी टाकलेल्या व्हिडिओवर लेबल नसणं साहजिक आहे.

तीन, लेबल पानावर असतं, फाइलमध्ये नाही. कुणी तो व्हिडिओ उतरवून घेतला आणि व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून पाठवला, की लेबल मागेच राहिलं. ज्याने प्रामाणिकपणे जाहीर केलं त्याचाही व्हिडिओ दोन हातांतून गेला की विनालेबल फिरतो. तोच व्हिडिओ दुसऱ्या चॅनलवर पुन्हा चढवला तरी तेच होतं.

चार, काही फसवणुकीत कृत्रिम असं काही नसतंच. पाच वर्षांपूर्वीचा पूर ‘कालचा’ म्हणून पाठवणं, तासाभराच्या भाषणातलं अर्धं वाक्य कापून उलटा अर्थ काढणं, खऱ्या व्हिडिओवर खोटं शीर्षक लावणं. चित्र खरं, आवाज खरा, ओळ खोटी. हे लेबल त्यासाठी नाहीच.

एक प्रसिद्ध उदाहरण घ्या. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर यांचा एक व्हिडिओ समाजमाध्यमांवर फिरला. त्यात ते एका गेमिंग ॲपची शिफारस करताना दिसत होते, आणि आपली मुलगीही त्यातून पैसे मिळवते असं सांगत होते. सचिन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं की हा व्हिडिओ खोटा आहे. चेहरा त्यांचाच, शब्द मात्र त्यांचे नव्हते. यूट्यूबचा नियम यायला तेव्हा दोन महिने बाकी होते. पण नियम असता तरी असा व्हिडिओ बनवणाऱ्याने ‘Yes’ दाबलं असतं का? नसतंच. म्हणून अशा व्हिडिओत लेबल शोधणं ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही.

*४. एक व्हिडिओ शेवटपर्यंत तपासून बघू*

समजा कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता एक व्हिडिओ आला. दीड मिनिटाचा. एका सर्वांना माहीत असलेल्या स्वामीजींचा स्थिर फोटो आणि त्यांच्याच आवाजात सांगणं, की अमुक काढा घ्या आणि रक्तदाबाची गोळी तीन दिवस बंद ठेवा. शेवटी काढा मागवण्यासाठी एक फोन नंबर. इंदूरच्या काकांनी तो पाठवला आहे. वडोदऱ्याच्या आत्याने हात जोडले आहेत. आणि बेळगावची आजी, जिला खरोखर रक्तदाब आहे, ती विचारते आहे, “मग मी गोळी बंद करू का?”

आता क्रमाने जाऊ.

*पहिलं पाऊल, गोळी.* आजीला आधी फोन करा. “आजी, गोळी चालूच ठेव. आम्ही व्हिडिओ बघतोय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बंद करायचं नाही.” तपासणीला अर्धा तास लागेल, त्या अर्ध्या तासात नुकसान होता कामा नये. व्हिडिओ खरा निघाला तरी हे उत्तर बदलत नाही.

*दुसरं पाऊल, काय आलंय ते ओळखणं.* व्हॉट्सॲपवर नुसतं चित्र आणि मध्ये त्रिकोण आहे, वर-खाली कुठलंही शीर्षक किंवा पत्ता नाही, तर ती फाइल आहे. फाइलमध्ये लेबल सापडणार नाही. वर दोन बाण आणि ‘Forwarded many times’ दिसत असेल, तर तो व्हिडिओ निदान पाच हातांतून पुढे पुढे आलेला आहे. म्हणजे काकांनाही तो कुठून आला हे माहीत नसण्याची शक्यता आहे.

*तिसरं पाऊल, मूळ लिंक मिळवणं.* काकांना ग्रुपवर सगळ्यांदेखत टोकू नका. वैयक्तिक संदेश पाठवा :

“काका, नमस्कार. सकाळचा स्वामीजींचा व्हिडिओ तुम्हाला कुठून आला? यूट्यूबची मूळ लिंक असेल तर पाठवाल का? आजीला पूर्ण प्रवचन ऐकवायचं आहे.”

लिंक नसेल तर यूट्यूबवर स्वामीजींचं नाव आणि व्हिडिओतलं एखादं ठळक वाक्य टाकून शोधा. चित्राच्या कोपऱ्यात एखाद्या चॅनलचं नाव असेल तर तेही टाका. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये घाला. तोच फोटो आधी कुठे वापरला गेला ते बरेचदा सापडतं.

*चौथं पाऊल, लेबल बघणं.* समजा व्हिडिओ एका चॅनलवर सापडला. विषय आरोग्याचा आहे, म्हणून आधी चालू व्हिडिओच्या चित्रावर लेबल आहे का बघा. मग ‘...more’ दाबून माहिती शेवटपर्यंत खाली सरकवा. इथून पुढे तीनपैकी एक गोष्ट होईल.

लेबल आहे. मग उत्तर मिळालं. या व्हिडिओत आवाजाशिवाय दुसरं काहीच नाही, एक फोटो तर आहे. बदललेला भाग बहुधा आवाजच, आणि सगळा सल्ला त्या आवाजावर उभा. हे स्वामीजींचं सांगणं म्हणून धरता येत नाही.

लेबल नाही. मग काहीच सिद्ध झालं नाही, ना खरं ना खोटं. पाचव्या पावलाकडे जा.

व्हिडिओ यूट्यूबवर सापडतच नाही. मग तो खरा मानायला अजून तरी आधार नाही. हेही पाचव्या पावलाकडेच जातं.

*पाचवं पाऊल, मूळ जागा.* स्वामीजींचं किंवा त्यांच्या संस्थेचं अधिकृत चॅनल उघडा. अधिकृत म्हणजे ज्याचा पत्ता संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेला आहे ते. तशाच नावाची, तसाच फोटो लावलेली चॅनल दहा निघतात. दीड मिनिटाचा तुकडा एखाद्या लांब प्रवचनातला असेल तर ते प्रवचन तिथे असायला हवं. कधी, कुठे झालं हे तिथे लिहिलेलं असतं. सापडलं तर त्या वाक्याच्या आधीचं आणि नंतरचं ऐका. सापडलं नाही तर संस्थेच्या कार्यालयाला फोन करा. व्हिडिओत दिलेल्या नंबरवर मात्र *कधीही* करू नका. तो नंबरच तर जाळं आहे.

हे करताना कानही वापरा. कृत्रिम आवाज बरेचदा एकाच लयीत चालतो. बोलताना श्वास घ्यायला माणूस थांबतो, खाकरतो, श्रोत्यांकडून हशा येतो, माइक खरखरतो. यातलं काहीच नसेल, गावांची नावं किंवा संस्कृत शब्द विचित्र तुटत असतील, तर शंका घ्यायला जागा आहे. पण ही नुसती शंका. साधनं दिवसेंदिवस सुधारत आहेत आणि चांगली नक्कल कानाला कळत नाही. “मला तर खरा वाटला” हा पुरावा होत नाही, आणि “मला खोटा वाटला” हाही होत नाही.

*सहावं पाऊल, ग्रुपला सांगणं.* जेवढं कळलं तेवढंच लिहा, जास्त नाही. लेबल दिसलं असेल तर असं :

“सकाळचा व्हिडिओ यूट्यूबवर पाहिला. माहितीत ‘Altered or synthetic content’ लिहिलेलं आहे, म्हणजे आवाज किंवा चित्र बदललेलं आहे. संस्थेच्या चॅनलवर असं प्रवचन सापडलं नाही. गोळ्या कुणीही बंद करू नका. पुढे पाठवला असेल तर तिथेही हे कळवा.”

लेबल नसेल तर पहिली दोन वाक्यं गाळा, “लेबल नाही, पण मूळ प्रवचन सापडत नाही, म्हणून खात्री होईपर्यंत पुढे पाठवू नका” असं लिहा. “खोटा आहे” असं ठामपणे लिहायला आपल्याकडे आधार हवा.

*सातवं पाऊल, तक्रार.* यूट्यूबवरच्या व्हिडिओखाली ‘Report’ आहे, तिथून कुणालाही तक्रार करता येते. ज्यांच्या आवाजाची किंवा चेहऱ्याची नक्कल झाली, त्यांच्यासाठी यूट्यूबची गोपनीयतेच्या तक्रारीची वेगळी वाट आहे. साधारणपणे ती तक्रार त्या व्यक्तीनेच करायची असते. म्हणून आपण लिंक संस्थेच्या कार्यालयाला पाठवणं हेच अधिक उपयोगाचं. कुणी त्या नंबरवर पैसे पाठवून बसलं असेल, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे अडवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त असते.

*५. या आठवड्याचा अभ्यास*

खालची पाच उदाहरणं घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडवा. लेबल लागायला हवं की नको? उत्तरं आधी स्वतः ठरवा, मग खाली बघा.

(अ) आजोबांच्या ऐंशीच्या दशकातल्या कीर्तनाची कॅसेट. खरखर काढून, त्यांच्या फोटोसह चढवली.

(आ) त्याच कीर्तनात दोन अभंग राहून गेले होते. ते आजोबांच्या आवाजात यंत्राकडून गाऊन घेतले.

(इ) नातवाने कार्टूनमधला उंदीर मोदक पळवतो असा शॉर्ट बनवला.

(ई) मंडळाच्या उत्सवाला दोनशे माणसं होती. व्हिडिओत यंत्राने ती पाच हजार केली.

(उ) मंडळाच्या सचिवांनी भाषण यंत्राकडून लिहून घेतलं, आणि स्वतः कॅमेऱ्यासमोर उभं राहून वाचलं.

उत्तरं : (अ) नको, ही साफसफाई आहे. (आ) हवं, आजोबांनी ते गायलेलं नाही. (इ) नको, कुणी खरं मानणार नाही. (ई) हवं, खऱ्या घटनेचं चित्रण बदललं. (उ) नको, माणूस खरा, आवाज खरा. लिहायला मदत घेणं या नियमात येत नाही.

(अ) आणि (आ) मध्ये घरातल्या लहानांचा आणि मोठ्यांचा हमखास वाद होईल. होऊ द्या. आवाज दोन्हीकडे आजोबांचाच वाटतो. फरक इतकाच, की एका ठिकाणी ते खरंच गायले होते. नियम कशासाठी आहे ते तिथे कळतं.

आणि आज संध्याकाळपर्यंत एक काम करा. ग्रुपवर शेवटी आलेली यूट्यूबची कुठलीही एक लिंक ॲपमध्ये उघडा, ‘...more’ दाबा आणि माहिती शेवटपर्यंत खाली न्या. लेबल असो वा नसो. घरातल्या ज्येष्ठांना शेजारी बसवून त्यांच्या बोटानेच करून घ्या. एकदा हाताला सवय झाली की पुढच्या वेळी आजी विचारणार नाही, “गोळी बंद करू का?” ती विचारेल, “खाली काय लिहिलंय ते बघितलंस का?”